लॉग स्केल, नोंद 4: चढ खोटा निघाला

मागच्या नोंदीत फेसबुकच्या वापरकर्त्यांचा आलेख पूर्ण झाला असं लिहिलं होतं. तो चुकला होता. परवा भाचीला दाखवला, तर तिने दोन तुकड्यांवर बोट ठेवलं. "मावशी, 5 कोटींचे 10 झाले आणि 50 चे 100 झाले, दोन्ही चढ अगदी सारखे. म्हणजे शेवटपर्यंत एकाच वेगाने वाढलं का ते?"

उंची सारखी असणं बरोबरच आहे. लॉग स्केलवर सारखं अंतर म्हणजे सारखी पट. माझा आलेख 20 सेंटीमीटर उंच, तळाला 10 लाख आणि माथ्यावर 100 कोटी. आकडा कुठेही दुप्पट होवो, रेषा 2 सेंटीमीटरच वर जाते. साध्या स्केलवर मात्र पहिली दुप्पट सेंटीमीटरभर आणि दुसरी 10 सेंटीमीटर दिसते, त्यामुळे सुरुवातीची वर्षं तळाला चिकटून राहतात.

पण चढ सारखा कसा? पहिल्या दुप्पटीला ऑक्टोबर 2007 ते ऑगस्ट 2008 असे 10 महिने लागले. दुसरीला जुलै 2010 ते ऑक्टोबर 2012, म्हणजे 27. दुसरा तुकडा जवळजवळ तिप्पट लांब, म्हणून तितकाच कमी चढाचा हवा.

दोन संध्याकाळी मी उभा अक्षच उकरत बसले. दोष आडव्या अक्षात होता. फाइलमधून तारखा मजकूर म्हणून आल्या होत्या, आणि आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब मजकुराला नुसती नावं धरून सारख्या अंतरावर मांडतं. 10 महिने आणि 27 महिने एकाच रुंदीचे झाले होते. खूण सोपी आहे: आडव्या अक्षावरची लेबलं वाचा आणि मधले महिने मोजा.

```python
df["month"] = pd.to_datetime(df["month"])
plt.plot(df["month"], df["users"])
plt.yscale("log")
```

आता रेषा वाकली, आणि काय सुंदर वाकली! डिसेंबर 2004 च्या 10 लाखांवरून ऑगस्ट 2008 च्या 10 कोटींपर्यंत 100 पट वाढ 44 महिन्यांत झाली. पुढच्या 10 पटींना 50 महिने लागले. साध्या स्केलवर नेमका हाच शेवटचा भाग सगळ्यात उभा दिसतो. माणसं तिथे जास्त वाढली हे खरंच, पण पटीचा वेग ओसरला होता.

अक्षावरचं 10⁶ काढून 10 लाख, 1 कोटी, 10 कोटी, 100 कोटी लिहिलं. नवशिक्याला घातांकापेक्षा हे फार लवकर कळतं. शून्याला या अक्षावर जागाच नाही, म्हणून आलेख फेसबुक सुरू झालं त्या फेब्रुवारी 2004 पासून न धरता 10 लाखांपासून धरलाय.

पुढे व्हॉट्सॲपची रेषा शेजारी काढणार होते. पण लिहिता लिहिता सुचलं, की आकडे 10 लाखांच्या एककात घेऊन `plt.yscale` ला `base=2` दिला आणि `plt.yticks` ने 1, 2, 4, 8 अशा खुणा व त्यांची लेबलं स्वतः लिहिली, तर प्रत्येक खूण म्हणजे एक दुप्पट. भाचीला खुणा नुसत्या मोजता येतील. आधी तेच करते.