सिंहगडावरच्या गाईड मंडळींसाठी नोट्स लिहायला बसलो आणि

मागच्या वर्षी आमच्या ग्रुपने ठरवलं की रविवारी सिंहगडावर येणाऱ्या लोकांना फुकट गड दाखवायचा. वीसेक जण तयार झाले आणि त्यांच्यासाठी नोट्स काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आपला उत्साहात अकरा पानं टाईप केली. तारखा, नावं, दरवाजे, सगळं. ट्रायलला आमच्यातल्या एका मुलीने ती पानं हातात धरून पुणे दरवाजापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या दरवाजापर्यंत अर्धी माणसं फोटो काढायला पांगली होती.

पण ती खरी अडचण नव्हती. तानाजींच्या स्मारकापाशी पोचल्यावर आठवी-नववीतल्या एका पोराने विचारलं, "घोरपडीला माणसाचं वजन पेलेल का?" आणि ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली, कारण माझ्या नोट्समध्ये घोरपड अशी लिहिली होती जशी काय मी दोर धरून तिथे उभा होतो.

घरी येऊन परत वाचायला काढलं. सभासदाची बखर 1697 ची, म्हणजे घटनेनंतर 27 वर्षांनी लिहिलेली. त्यात घोरपड नाहीच. मावळे रात्री वानरासारखे कड्यावर चढून गेले असं आहे. घोरपड येते ती पोवाड्यातून. आणखी एक धक्का म्हणजे आपण लहानपणापासून जे म्हणतो ना, "गड आला पण सिंह गेला", ते बखरीत तसं नाहीये. तिथे "एक गड घेतला, परंतु एक गड गेला" असं आहे. तिथे सिंह नाही, खुद्द तानाजींनाच गड म्हटलंय, आणि मला विचाराल तर हे जास्त भारी आहे.

मग सिंहगड नावाचं काय? सगळे सांगतात की तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. पण महाराजांच्या 1663 च्या पत्रात सिंहगड हे नाव येतं आणि लढाई झाली 4 फेब्रुवारी 1670 ला. म्हणजे नाव सात वर्षं आधीचं. हे मी नोट्समध्ये लिहिलं आणि दुसऱ्या ट्रायलला आमच्याच एका भिडूने ते लोकांना असं काही ठणकावून सांगितलं की एक काका भडकलेच. "तुम्ही तानाजींचा अपमान करताय" वगैरे. चूक काकांची नव्हती. आम्ही त्यांच्या आवडत्या गोष्टीला खोटं म्हणून मोकळे झालो होतो आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं.

तेव्हा नोट्सचा साचाच बदलला. प्रत्येक माहितीपुढे फक्त ती कुठून कळली ते लिहिलं: पत्रातून, बखरीतून, पोवाड्यातून की नुसतं लोक सांगतात म्हणून. आणि बोलताना वाक्याची सुरुवात त्यानेच करायची. "पोवाड्यात असं गायलंय की" म्हटलं की घोरपड सुखाने कड्यावर चढते, कोणी भांडत नाही. नावाच्या बाबतीत आता आधी लढाई पूर्ण सांगायची, 1665 च्या पुरंदरच्या तहात हा गड मुघलांना द्यावा लागला, मग तानाजी आणि उदेभान दोघंही पडले, सूर्याजींनी लढाई पुढे नेली, आणि मग हळूच सांगायचं की हे नाव पत्रात आधीपासून दिसतं. त्याच टाईपच्या पब्लिकसमोर हा क्रम चालला. त्या पोराला द्यायचं उत्तरही ठरलं: घोरपडीची पकड घट्ट असते, पण अख्ख्या माणसाचा भार धरून राहणं तिला झेपणार नाही. आणि घोरपड पकडणं कायद्याने गुन्हा आहे हेही तिथेच सांगून टाकायचं.

उदेभान राठोड हा तर दर रविवारी येणारा प्रश्न. राजपूत असून मुघलांकडे कसा? या प्रश्नावर गाईडने स्वतःचं भाषण सुरू केलं की संपलं, पुढच्या दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. आम्ही लिहिलं: महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह पण राजपूतच होते, आणि महाराजांच्या चाकरीत मुसलमान माणसंही होती. त्या काळी माणूस कोणाच्या चाकरीत आहे त्यावर बाजू ठरायची. एवढं बोलून पुढे चालायला लागायचं. चालायला लागलं की वाद आपोआप मागे पडतो, ही आमच्यातल्या सगळ्यात जुन्या गाईडची युक्ती. कोणाची जात कोणती असं विचारलं तर "ते मी सांगत नाही, लढाई कशी झाली ते सांगतो" हे सरळ वाक्य पाठच करून घेतलं सगळ्यांकडून.

सेफ्टीचं पान मात्र मी सुरुवातीला अगदीच उरकलं होतं, "कड्यापासून लांब राहा" टाईप. मग एका रविवारी कल्याण दरवाजाच्या बाजूला कोणीतरी पोळ्याला दगड मारला. आग्या माशा उठल्या आणि आमचा गाईड पुढे, मागे अठरा माणसं, शेवटी कोणीच नाही. दोघं हात झटकत कड्याच्या दिशेनेच पळाले. नशीब, पाच-सहा डंखांवर निभावलं. त्या दिवसापासून एका ग्रुपला दोन गाईड, एक पुढे एक सगळ्यात मागे, आणि दरवाजात माणसं मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. माशा उठल्या तर हात हलवायचे नाहीत, डोकं-तोंड ओढणीने किंवा शर्टाने झाकायचं, मागचा गाईड ज्या वाटेने आलो त्याच वाटेने सगळ्यांना बाहेर काढतो कारण ती वाट कड्याकडे जात नाही हे माहीत असतं. टाक्यात उडी मारायची नाही, माशा वर घिरट्या घालत बसतात. काटा नखाने लगेच खरवडून काढायचा. ओठ सुजले किंवा श्वास लागायला लागला तर वाट बघत न बसता 108.

पावसाळ्यात विजेची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. तिथे आम्ही दारूकोठारापाशीच थांबतो आणि सांगतो की 1751 ला इथे वीज पडली होती. उघड्या माथ्यावरून खाली चला म्हणून वेगळं ओरडावं लागत नाही मग.

उंचीचा घोळ पण दर वेळी. 1300 मीटरच्या आसपास ही समुद्रसपाटीपासूनची उंची, आतकरवाडीतून चढायचे ते साधारण 600 मीटरच. हे खालीच सांगितलं नाही तर गुडघेदुखीवाली माणसं एकतर घाबरून परत जातात, नाहीतर अर्ध्यात बसतात.

आता नोट्स चारच पानं आहेत. राजाराम महाराजांच्या समाधीपाशी काय बोलायचं हे मात्र मी स्वतःच लिहिलंय, कोणाला बदलू दिलं नाही. ज्यांच्या सांगण्यावरून सभासदाने जिंजीला ती बखर लिहिली ते राजाराम महाराज 1700 साली याच गडावर गेले. ती मुलगी आता हे सांगते तेव्हा स्मारकापाशी घोरपडीवरून प्रश्न विचारणारी पोरं परत एकदा मागे वळून तानाजी कड्याकडे बघतात.