चाव्या कोणाकडे?

"रजा घे, पण गल्ल्याच्या चाव्या कोणाकडे?" लोहार चाळीतल्या शेठनी काल भावाचा अर्ज परत दिला.

अर्ज मीच लिहिलेला, माझ्या ऑफिसच्या पोर्टलसारखा: रजेचा प्रकार, तारखा, कारण वैयक्तिक. पोर्टलला तेवढं पुरतं, घरचं दुखणं तिथे मांडायची गरज नसते. शेठना मात्र 'वैयक्तिक' हा शब्द लागला. बारा वर्षं दुकानात असलेल्या माणसाने काय लपवावं?

रात्री भावाने स्वतःच्या हाताने लिहिलं: "आदरणीय शेठजी, स.न.वि.वि. गुरुवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दोन दिवस रजा मिळावी. चाव्या आणि उधारीची वही बुधवारी तुमच्या हाती देईन. शनिवारी दुकान मीच उघडेन."

आज शेठनी तो घडी घालून गल्ल्यात ठेवला आणि विचारलं, "कुठला डोळा?"