बायको शुद्ध बोलायला लागली की

शुक्रवार, रात्री पावणेअकरा

बायको शुद्ध बोलायला लागली की मी सावध होतो. एरवी ती दारातूनच ‘काय करायलात? आई जेवल्या का?’ असं विचारत आत येते. ज्या दिवशी ‘तुम्ही चहा घेणार आहात का?’ असं एकेक शब्द सुटा करून विचारते, त्या दिवशी तिच्यातली तलाठी अजून घरी पोचलेली नसते. आवाज चढलेला नसतो, उलट नेहमीपेक्षा खालीच असतो. आईला तर वाटतं, सून आज शांत आहे. मला माहीत असतं की आता कुणी ‘गॅस बुक केला का गं?’ एवढं जरी विचारलं तरी ती वसकन अंगावर येईल, आणि मग गॅस राहील बाजूला.

सध्या अतिवृष्टीचे पंचनामे चालू आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून बांधावर जातात, पीक बघतात, फोटो काढतात, गट नंबरप्रमाणे नुकसान लिहितात. नुकसान 33 टक्के किंवा त्याच्या वर असेल तरच मदत. कागदावर ही रेघ सरळ दिसते. सोयाबीनच्या रानात वरचा अर्धा तुकडा उभा असतो, खालच्यात पाणी साचलेलं असतं आणि शेतकरी शेजारी हात जोडून उभा असतो. त्यात वरून रोज आढावा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘आज किती झाले?’ आणि ज्याचं नाव राहिलं त्याचा फोन रात्री दहालासुद्धा. घरी येते तेव्हा दिवसभर लोकांचं ऐकून घेतलेली बाई येते. ताण बाहेरचा असतो, पण वाट घराचीच धरतो, कारण बांधावर डाफरता येत नाही आणि साहेबांवर तर नाहीच.

काल संध्याकाळी असंच झालं. साडेसातला स्कूटी लागली. मांजराकाठच्या गावांत गेली होती, सँडल काळ्या मातीने थापलेल्या. ओट्यावर बसली आणि काडीने चिखल काढायला लागली. ते ठीकच. पण चिखल निघाला तरी काडी थांबेना. तळव्याच्या एकेका खाचेतून काडी फिरवत होती, नजर सँडलवर नव्हतीच. मोबाइल शेजारी पालथा ठेवलेला आणि तो थरथरला की खांदे किंचित वर. एवढ्यात धाकटा आला, ‘आई, उद्या महाराष्ट्राचा नकाशा न्यायचाय.’ ती म्हणाली, ‘हो. ठेव. बघते.’ तीन शब्द, तीन पूर्णविराम. पोराला ते होकारासारखं वाटलं. मला कळलं की त्याचं तिने ऐकलेलंच नाही.

हा क्रम तिचा आहे. आधी बोलणं शुद्ध होतं, मग तुटक, मग हात नको ते काम उगाच करत राहतात आणि मग ऐकू येणं बंद होतं. त्यानंतर भांडी आपटतात. भांडी आपटल्यावर कळणं म्हणजे पूर आल्यावर नदी दिसणं. दुसऱ्या कुणाचा क्रम वेगळा असेल. माझे मेहुणे ताणात असले की विनोद करत सुटतात आणि सगळे हसतात, बहीण तेवढी हसत नाही. म्हणून ‘कपाळाला आठ्या आल्या की ताण’ असली यादी काही कामाची नाही. बघायचं ते एवढंच, की या माणसाचं रोजचं कसं असतं आणि आज त्यात काय बदललं.

‘काय झालं?’ हे मी त्या वेळी विचारत नाही. प्रश्न प्रेमाचाच असतो, पण तो त्या घटकेला आणखी एक काम टाकतो. दिवसभराचं आठवा, त्यातलं काय सांगायचं ते ठरवा, समोरच्याला समजेल असं मांडा. दिवसभर लोकांना उत्तरं देऊन आलेल्या माणसाला घरातही जबाबच द्यावा लागतो. ‘शांत हो’ तर त्याहून वाईट, कारण तोवर ती तिच्या मते शांतच असते. आणि ‘तू एवढं मनाला का लावून घेतेस’ या वाक्यावर कायद्याने बंदी पाहिजे.

काल मी केलं ते असं. धाकट्याला म्हटलं, चल, दुकान बंद व्हायच्या आत नकाशा आणू. जाता जाता आईच्या कानावर घातलं की गॅसचं मी बघतो, आणि तुझ्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्याकडे दे. म्हणजे बायकोच्या दिशेने निघालेल्या घरच्या तिन्ही मागण्या वाटेतच वळवल्या. तिला त्यातलं काही सांगितलं नाही. चहासुद्धा विचारला नाही, करून शेजारी ठेवला आणि निघालो.

न सांगता करण्याला कारण आहे. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेला बसलेले उमेदवार आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून रोजच्या नोंदी घेतल्या होत्या. हा अभ्यास 2000 साली छापून आला. जोडीदार म्हणतो मी मदत केली, पण उमेदवाराच्या नोंदीत ती मदत दिसत नाही, अशा दिवसांनंतर उमेदवाराचं मन जास्त बरं राहिलं. मदत नजरेत भरली की ‘आपल्याला झेपत नाहीये’ ही टोचणीही सोबत येते आणि वर उपकाराचं ओझं. आमच्या घरात हे लगेच पटतं. ‘बघ, भांडी घासून ठेवली हां’ असं म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला कृतज्ञता म्हणत नाहीत. याचा अर्थ मदत कायम लपवायची असा नाही. तिने मागितली तर सरळ, उघड करायची. न मागता करायची ती तेवढी गुपचूप.

नकाशा, स्केचपेन, गोळ्या घेऊन परत यायला अर्धा तास लागला असेल. तो वेळही उपयोगाचाच. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे अॅड्रिनलीन फळ्यावर दरवर्षी काढतो. ते रक्तात झटकन येतं, पण धडधड, ताठलेले खांदे, आवळलेला जबडा हे सगळं निवायला वेळ घेतं. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांचं म्हणणं असं की शरीर एवढं पेटलेलं असताना बोलणं थांबवावं आणि किमान 20 मिनिटं मध्ये जाऊ द्यावीत. त्या वेळात माणूस मनातल्या मनात तेच घोळवत बसला तर मात्र शरीर पुन्हा पेटतं. म्हणून नुसतं एकटं सोडणं पुरत नाही, लक्ष दुसरीकडे लागलं पाहिजे. आलो तेव्हा ती आईसोबत येसर आमटीला फोडणी देत होती आणि दोघी शेजारच्या लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होत्या. बरं लक्षण.

जेवणं झाल्यावर, पोरगा झोपल्यावर, मी एकच विचारलं, ‘आज कुठल्या गावाला होतीस?’ मुद्दाम असा प्रश्न, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. द्यायचं नसेल तर तेवढ्यावर थांबताही येतं. तिने गावाचं नाव सांगितलं. थोडं थांबून म्हणाली, ‘एक म्हातारा होता.’ मग निघत गेलं. दीड एकर रान, वरचं पीक उभं, खालचं कुजलेलं. कृषी सहायक म्हणाला तीस टक्के. ग्रामसेवक म्हणाला लिहा पस्तीस, कोण बघतंय. म्हातारा काहीच म्हणाला नाही, नुसता तिच्या पेनाकडे बघत राहिला. तिने पुन्हा सगळं रान पायाखाली घातलं. कडेच्या पट्ट्यात वरून हिरवं दिसणाऱ्या झाडांच्या शेंगांतही कोंब फुटले होते. ते धरून आकडा रेघेच्या वर गेला आणि तसा फोटोही निघाला. हे बरोबरच झालं, पण तोवर पुढच्या रानातले लोक ओरडायला लागले की बाई एकाच्याच रानात तास घालवतात.

माझ्या जिभेवर होतं की मग त्यांना सांगायचंस ना नियम. गिळलं. म्हटलं, ‘त्याच्यासमोर उभं राहून लिहायचं म्हणजे जडच गेलं असणार.’ ती म्हणाली, ‘जड नाही ओ, राग आला. त्याचा नाही. सगळ्याचाच.’ उपाय तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत, काम तिचं आहे. माझ्याकडून तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी तिच्या बाजूने बांधावर उभं असावं. दहा-पंधरा मिनिटं बोलली आणि मग म्हणाली, उद्या धपाटे द्या डब्याला, भाकरी खायला वेळच मिळत नाही. बोलणं पुन्हा घरचं झालं होतं.

हे दरवेळी जमतं असं नाही. माझ्या कॉलेजात पेपर तपासणी चालू असते तेव्हा तिच्या काडीकडे बघायला माझ्याकडेच डोळे नसतात. कधी खूण कळते तोवर भांडी आपटायला लागलेली असतात. मग गुपचूप मदत, हलका प्रश्न यातलं काही चालत नाही. तेव्हा मी सरळ सांगतो, ‘मी गच्चीवर जाऊन येतो, साडेनऊला बसू.’ वेळ सांगायची आणि त्या वेळेला यायचं. नुसतं उठून गेलं तर त्याचा अर्थ पळाला असाच होतो. आणि खूण चुकीचीही निघते. मागे एकदा ती सँडल खरवडत होती म्हणून मी दबक्या पावलांनी चहा नेऊन ठेवला, तर म्हणाली, ‘अहो, चिखल आहे, चिखल. पंचनामा नका करू माझा.’

तिचं ते बोलणं खरं होतं. सतत कुणीतरी आपला चेहरा वाचतंय हाही ताणच आहे. म्हणून एका रविवारी, कुणाचंच काही बिनसलेलं नसताना, आम्ही एकमेकांना विचारून घेतलं. तिने तिची एक खूण सांगितली जी मला कधी दिसलीच नव्हती: स्कूटीवरून येताना गावाच्या कमानीपाशीच तिला घरी यायला नको वाटतं. आता तसं वाटलं की ती तिथूनच ‘उशीर’ एवढा मेसेज टाकते. उशीर झालेला नसतो, पण मला कळतं. माझीही खूण तिने सांगितली. मी चष्मा पुसायला लागतो म्हणे, स्वच्छ असला तरी. मला पत्ताच नव्हता.

एक मात्र तिला स्पष्ट बोललोय. हे सगळं रोजच्या ताणासाठी आहे. पंचनामे संपून महिना झाला तरी झोप लागली नाही, किंवा रोजच कुणावर तरी डाफरणं होत राहिलं, तर नकाशा आणून आणि आमटी खाऊन ते जाणार नाही, डॉक्टर गाठायचा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइनही आहे, 14416. ती म्हणाली, ‘आधी तुम्ही लावा, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत.’ मुद्दा बरोबर आहे.

उद्या याद्या चावडीवर लागणार आहेत. म्हणजे नाव नसलेले सगळे तिच्याकडेच येणार. स्कूटीत पेट्रोल भरून ठेवलंय, धपाट्यांचं पीठ आईने मळलंय. पालक सभा माझ्या नावावर घेतली आहे. संध्याकाळी ‘उशीर’ येईल असं धरूनच चाललोय.