मधला गोळा पडणार नाही का? – ‘दगड की ब्राँझ’ची चौथी संहिता

तिसरी संहिता गेली. मागच्या वेळी मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं, की आता फक्त मिक्सिंग उरलंय. ते सगळं मागे घेतो.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: शाळेच्या स्पीकरवर मधल्या सुट्टीत लागणारा बारा मिनिटांचा कार्यक्रम, सहावी-सातवीतली दोन मुलं एका काल्पनिक शिल्पकार आजींची मुलाखत घेतात, विषय दगडातलं कोरीवकाम आणि ब्राँझचं ओतकाम, म्हणजे मेणाच्या बैलावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी ब्राँझ ओतायचं. आजींचा आवाज माझ्या मावशीचा. मुलं खरीच आहेत, शाळेतलीच, आणि या वेळी घात त्यांनीच केला.

शुक्रवारी कच्चं रेकॉर्डिंग एका वर्गाला ऐकवलं आणि मग कागद वाटले. ‘ओतायच्या आधी साचा आतून कसा दिसत असेल, काढा.’ बत्तीस कागद आले. निम्म्याहून जास्त मुलांनी साचा दोन वाट्यांसारखा उघडून मेणाचा बैल बाहेर काढला होता. काहींनी मेणाच्या बैलावर वरून धातू ओतला होता, आइस्क्रीमवर चॉकलेट ओततात तसा. बरोबर चित्र एकही नाही. दोष मुलांचा नाही, माझ्या कुल्फीचा. तिसऱ्या संहितेत आजी म्हणत होत्या, ‘कुल्फीच्या साच्यासारखं समजा.’ पण कुल्फीचा साचा उघडतो, पुन्हा वापरता येतो आणि कुल्फी आतून भरीव असते. आमचा साचा फुटतो, एकदाच चालतो आणि बैल पोकळ असतो. तिन्ही बाबतीत उलटी उपमा! ती काय डोक्याने निवडली होती कोण जाणे.

तर मूळ अडचण ही. पोकळ ओतकामात एकात एक तीन थर असतात. आत विटांची भुकटी आणि प्लास्टरचा गोळा, त्याला आमच्याकडे गाभा म्हणतात. त्यावर साधारण पाच मिलिमीटर जाडीची मेणाची कातडी, आणि सगळं बारीक काम त्या कातडीवर. बाहेरून पुन्हा विटांची भुकटी आणि प्लास्टर. भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि दोन थरांमध्ये बैलाच्या आकाराची पाच मिलिमीटरची फट उरते. धातू त्या फटीत जातो. फळ्यावर हे तीन रेघांत होतं. रेडिओवर ‘आत’, ‘बाहेर’, ‘मध्ये’ हे शब्द दोन वाक्यांत सहा वेळा येतात आणि ऐकणाऱ्याचं डोकं गरगरतं.

रविवारी मुलांबरोबर बसून पुन्हा वाचन केलं. मुलाखत घेणारी मुलगी मध्येच थांबली. म्हणाली, ‘पण काका, मेण निघून गेल्यावर मधला गोळा खाली पडणार नाही का?’

मी गप्प. कारण पडणारच. मी खिळेच लिहिले नव्हते. तीन संहिता झाल्या, एका ओतारी स्नेह्यांनी वाचूनही दिली होती आणि खिळे नाहीत. (त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘खिळे तर असतातच की, ते काय सांगायचं!’ जाणकाराला वाचायला देण्यात हाच धोका. त्याला जे सवयीचं, ते कागदावर नाही हे त्याला दिसतच नाही.)

खिळे म्हणजे काय, तर मेणाच्या कातडीतून आरपार, गाभ्यात घुसलेले लोखंडी खिळे. त्यांची डोकी बाहेर ठेवतात, म्हणजे बाहेरचा साचा चढवला की ती त्यात धरली जातात. मेण गेलं तरी गाभा या खिळ्यांवर जागच्या जागी अधांतरी राहतो. खिळे कमी पडले आणि गाभा जरा सरकला, तर एका बाजूला धातू बोटभर जाड येतो आणि दुसऱ्या बाजूला, जिथे गाभा साच्याला टेकला, तिथे भोकच पडतं. ओतून झाल्यावर खिळे उपटतात, भोकं ब्राँझनेच बुजवतात आणि घासतात.

हा प्रश्न आल्यावर संहिता आपोआप उलटी फिरली. आता सुरुवात शेवटाकडून. मुलगा तयार बैलावर बोटाने टकटक करतो. खाली तसंच्या तसं देतो, ‘ध्वनी’च्या ओळी गाळून:

मुलगा: आजी, हा आतून पोकळ आहे?
आजी: हो तर. मग मला सांग, आता जिथे धातू आहे, तिथे ओतायच्या आधी काय होतं?
मुलगा: काहीच नाही?
आजी: त्याच्याही आधी?
मुलगी: मेण!
आजी: आणि आता जिथे पोकळ आहे, तिथे?
मुलगी: तो गोळा. पण आजी, मेण गेल्यावर तो खाली पडणार नाही का?

तिचा प्रश्न शब्द न बदलता ठेवलाय, फक्त ‘काका’चं ‘आजी’ केलं. सोमवारी दुसऱ्या वर्गावर हा तुकडा चालवला. अठ्ठावीसपैकी एकोणीस कागदांवर तीन थर, आणि त्यातल्या अकरांवर खिळेसुद्धा. एकाने खिळ्यांना टोपी काढली आहे. तो कागद माझ्या टेबलासमोर चिकटवलाय.

खिळे आल्यावर वजनाचा भागही जागेवर बसला. धातू किती वितळवायचा हे ओतारी मेण तोलून ठरवतात. मेणाच्या सुमारे नऊपट ब्राँझ, कारण तेवढ्याच जागेत ब्राँझ तितकं जड. (ही मेण तोलायची रीत जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मेणाच्या ओतकामाचं वर्णन आहे.) आमचा बसलेला बैल फूटभर लांब. कातडीचं मेण 1.2 किलो, धातू आत जायच्या आणि हवा बाहेर यायच्या मेणाच्या कांड्या 0.4 किलो. एकूण 1.6, म्हणजे धातू साडेचौदा किलोच्या आसपास. मुशीत थोडा जास्त हवाच, ओतताना मध्ये संपला तर दोन वेळच्या धातूचा सांधा जुळत नाही. म्हणून सतरा धरले. कांड्या कापून टाकल्यावर बैल उरतो जेमतेम अकरा किलोचा.

आणि इथे मला स्वतःलाच गंमत वाटली. तेवढाच बैल आपल्या काळ्या पाषाणात भरीव कोरला तर सतरा किलोच्या पुढे जातो. म्हणजे दगडाचा बैल ब्राँझच्या बैलापेक्षा जड! कार्यक्रमाच्या तोंडीच हा प्रश्न टाकतोय: कुठला जड? सगळी मुलं चुकणार, आणि का चुकलो ते कळायला शेवटपर्यंत ऐकणार. आधी मी दगड आणि धातूचा वादविवाद लिहिला होता, आजी एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. तो सगळा काढला.

आता आवाजाचं. ब्राँझसाठी मी घरातली काशाची वाटी वाजवून ठेवली होती, सुरेख टणत्कार. ओतारी स्नेह्यांनी ऐकताक्षणी मान हलवली. काशात कथिल साधारण बावीस टक्के, घंटेच्या जातीचं, म्हणून ते रेंगाळतं. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये दहाच्या आसपास. शिवाय वाटी पातळ आणि मोकळी असते, बैल जाड आणि बैठकीवर घट्ट. त्यामुळे पुतळा इतका गोड वाजत नाही. वाटी बाद. त्यांच्याकडच्या एका जुन्या पोकळ मुखवट्यावर टिचक्या मारून आणल्या. रुक्ष आवाज आहे, पण खरा.

दगडाचा आवाज हे या महिन्यातलं माझं सुख. हायवेच्या कडेला पाटे-वरवंटे घडवणाऱ्या पाथरवटाकडे दोन तास बसलो. फुकटच्या संग्रहांतले छिन्नीचे आवाज मला आधीपासूनच पटत नव्हते. ते संगमरवराचे वाटतात, मऊ आणि चुरचुरीत. बेसॉल्टवर टाकी वेगळीच बोलते, टणक आणि तुटक. पाथरवट नवा दगड घेताना आधी हातोडीने ठोकून ऐकतो. अखंड असेल तर खणखणतो आणि आवाज लांबतो. आत चीर असेल तर आवाज तिथेच बसतो. दोन्ही एका माइकवर, एकाच अंतरावरून घेतले. कॉलरमाइक अशा कामाला नेऊ नका, हातोडीच्या पहिल्याच घावाला आवाज फाटला. जुना डायनॅमिक माइक हातभर अंतरावरून उत्तम.

घरी ऐकताना अंगावर काटा आला. शाळेच्या भोंग्यातून ऐकलं तर दोन्ही दगड सारखेच. तो भोंगा खालचे सूर देतच नाही. चिरेच्या दगडाचा ‘भद्द’ त्यातून पार गेला, भट्टीची घरघरही गेली. दोन रात्री इक्वलायझर फिरवत घालवल्या आणि काही साधलं नाही. मग लक्षात आलं, फरक जाड-बारीक आवाजाचा नाहीच, लांबीचा आहे. दोन ठोक्यांमध्ये दीड सेकंद मोकळा ठेवला आणि खालची वर्गातली गुणगुण पूर्ण कापली. आता चांगला दगड त्या दीड सेकंदात ऐकू येत राहतो आणि चिरेचा गप्प होतो. भोंग्यातूनही कळतं. भट्टीची घरघर मात्र सोडली. त्याऐवजी आजी सांगतात, की ओताऱ्याचा कान हवाबारीकडे असतो, साच्यात ओल राहिली तर तापलेल्या धातूखाली तिची वाफ होऊन धातू उलटा उसळतो. मावशीने ते इतकं हळू आवाजात वाचलं, की घरघरीची आठवणच आली नाही.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण मुख्याध्यापकांना हवीच आहे. मी ती काढली होती. आता परत घेतोय, पण ब्राँझच्या भागात. ओतीव बैलावरही कांड्यांचे बुंधे, खिळ्यांची भोकं, साच्याच्या चिरांतून आलेले धातूचे पापुद्रे छिन्नीनेच काढावे लागतात. कित्येक दिवस. म्हणजे घाव दोघांनाही. मुख्याध्यापक खूश, मीही.

दगडाचा भाग अजून तोकडा आहे. त्यात एकच गोष्ट ठेवणार: नाक. दगडात कोरताना नाक शेवटपर्यंत जाड ठेवतात, कारण उडालेली कपची परत बसत नाही. मेणात नाक बिघडलं तर चिमटीने नवं लावता येतं. हे लिहिताना सुचलं, की मुलांच्या हातात साबणाची वडी आणि मेणाचा गोळा देऊन त्यांनाच नाकं करायला लावावीत आणि तेच रेकॉर्ड करावं. साबणाचं नाक तुटल्यावरचा ‘अरे!’ लिहून मिळणार नाही. मग वेरूळचा परिच्छेद, वरून खाली कोरत आलेलं कैलास लेणं वगैरे, जाईल. जाऊ दे, तो पाठ्यपुस्तकासारखाच वाजत होता.

बुधवारी साबण. मावशी विचारतेय, आजींनी नाक तुटल्यावर रागवायचं की हसायचं. अजून ठरत नाहीये.