दार लागल्यावरचा नवरा

‘माझ्या आईबाबांशी, मैत्रिणींशी तो इतकं जीव लावून वागतो. आम्ही दोघंच असलो की मात्र अगदी कोरडा. यातला खरा तो कुठला?’

दोन्ही. हे ऐकून समोरच्या बाईचा चेहरा उतरतो. तिला बहुतेक वेळा ‘तो नाटक करतो’ एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं असतं. पण एरंडवण्यातल्या माझ्या छोट्या खोलीत समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांमध्ये ठरवून मुखवटा घालणारे मला कमी भेटले. भेटले नाहीत असं नाही, त्यांच्याकडे शेवटी येतेच. बाकीच्यांना चारचौघांत मोकळं होणं खरोखर सोपं जातं आणि बायकोसमोर तितकंच अवघड. (बायकोबद्दल हीच तक्रार घेऊन नवरेही येतात. ते जरा उशिरा येतात आणि ‘सहज आलो’ म्हणून सुरुवात करतात.)

सोपं का जातं, ते बघा. सासूबाईंशी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. गुडघा कसा आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय झालं, आंबे आणले का. विनोद फसला तरी कुणी मनात ठेवत नाही. जेवणं झाली, निरोप घेतला की संपलं. बायकोशी बोलताना मात्र काहीच संपत नाही. ‘आज उशीर झाला’ हे वाक्य सासूबाईंना नुसती माहिती असते. बायकोसाठी ते मागच्या महिन्यातल्या उशिरांना जोडलेलं असतं, आणि ते तसं जोडलं जाणार हे त्यालाही बोलायच्या आधी ठाऊक असतं. मग तो ‘हं’ म्हणतो.

एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. घर वारज्यात, त्याची नोकरी हिंजवडीला, तिचं माहेर सदाशिव पेठेत. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात थांबला तो हाच. मामेबहिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे विनोद गाजायचे. पुण्यात कुणाचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही, पण जावयाला त्यातून सूट आहे. त्यामुळे तिला दर रविवारी ऐकावं लागायचं, ‘तुला काय गं, नशीबवान आहेस.’ त्याच जेवणात एकदा त्याने आपल्या बढतीची बातमी सांगितली, रंगवून, साहेबाची नक्कल करून. सगळे हसले. तीही हसली आणि ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेली. बातमी चार दिवसांची होती आणि ती तिला सगळ्यांबरोबर कळली होती.

दोघांना मी एक साधं काम दिलं. मनात काय वाटलं ते लिहायचं नाही. फक्त बोलण्याची सुरुवात कुणी केली, कोणत्या वाक्याने केली आणि समोरून काय आलं, एवढंच दोन आठवडे वहीत टिपायचं. दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत.

यामागे एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांना एका घरासारख्या जागेत ठेवून त्यांच्या बारीकसारीक हाका मोजल्या. ‘तो पक्षी बघ’ ही हाक, नुसता सुस्काराही हाक. सहा वर्षांनी टिकलेल्या जोडप्यांनी जोडीदाराच्या अशा हाकांना १०० पैकी साधारण ८६ वेळा प्रतिसाद दिलेला होता, तर मोडलेल्या जोडप्यांनी ३३ वेळा. हे आकडे मी कुणाच्या संसाराला लावत नाही. ती जोडपी तिकडची, शिवाय आपल्यावर कॅमेरा आहे हे त्यांना माहीत होतं. पण काय बघायचं, हे त्यातून चांगलं कळतं. भांडणापेक्षा या हाका बघायच्या.

वह्या आल्या. त्यात दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही तिला अनपेक्षित होत्या.

पहिली अशी की तो अगदीच गप्प नव्हता. सकाळी चहा टाकताना काही ना काही बोलायचा. कुठल्याशा पुलाच्या कामाबद्दल, पाणी आलं की नाही याबद्दल. हे त्याच्या वहीत होतं, तिच्या वहीत त्याची नोंदच नव्हती, कारण त्या वेळी ती डबे आणि शाळेचे मेसेज यांत बुडालेली असायची. तिच्या हाका रात्री दहानंतर जायच्या, आणि तेव्हा तो हेडफोन लावून बसलेला असायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळ्यात कोरडे तास माहेरून परतल्यानंतरचे होते. कारण परतीच्या वाटेवर, गाडी अलका चौकातून पुढे निघाली की, ती म्हणायची, ‘आईशी किती गोड बोलत होतास. माझ्याशी कधी बोलतोस असं?’ तिच्या बाजूने ती जवळीक मागत होती. त्याच्या कानाला ते आरोपपत्र ऐकू यायचं, आणि पुरावा म्हणून त्याचाच चांगुलपणा जोडलेला. तो गप्प व्हायचा. तो गप्प झाला की ती आणखी विचारायची, ती विचारायला लागली की तो आणखी आत जायचा. एकाची मागणी आणि दुसऱ्याची माघार या चक्रावर अँड्र्यू ख्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी खूप काम केलं आहे. त्यात सुरुवात कुणी केली हे शोधायला गेलात तर दोघंही प्रामाणिकपणे दुसऱ्याकडे बोट दाखवतात, आणि दोघंही बरोबर असतात.

तरीही प्रश्न उरतोच, की आधी केव्हातरी ही माघार सुरू झाली असेल, ती कशाने? ते खूप नंतर एका बैठकीत बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली होती, काही महिने तो घरी होता. त्या काळात घराच्या हप्त्यावरून बोलताना ती म्हणाली होती, ‘तुझ्यावर कसं विसंबून राहायचं?’ तिला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्याला ती कुठे उभी होती तेही आठवत होतं. तेव्हापासून तो तिला अर्धवट काही सांगायचाच नाही. सगळं पक्कं झालं, आणि आजूबाजूला चार माणसं असली, की मगच बातमी बाहेर पडायची. माणसांच्या गर्दीत बायकोचा पहिला प्रश्न टाळता येतो. बढतीचं कोडं तिथे सुटलं. तो तिला परकं मानत नव्हता. तिच्याच मताला घाबरत होता, कारण सासूबाईंचं मत त्याला तितकं लागतच नव्हतं.

हे ऐकून तिला बरं वाटलं का? नाही. राग आला. ‘म्हणजे मी एक वाक्य बोलले त्याची शिक्षा इतकी वर्षं?’ हा राग रास्त होता आणि मी तो लगेच विझवला नाही. भीतीपोटी घेतलेली माघारसुद्धा दुसऱ्याला एकटं पाडते. आणि ही गोष्ट तिला परक्या बाईच्या खोलीत कळावी, हेही त्याच्या खाती जमा झालंच पाहिजे.

नंतर जे केलं ते फार मोठं नव्हतं. माहेरून परतताना त्या भेटीबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी बोलायचं. तक्रारींना शनिवारी सकाळची वेळ, तीही वेताळ टेकडीवर चालताना. समोरासमोर बसून ‘बोल’ म्हटलं की असे पुरुष आवळले जातात. शेजारी चालताना नजर रस्त्यावर असते, त्यामुळे वाक्य पूर्ण होतं. त्याच्यासाठी एकच नियम ठेवला, की कोणतीही बातमी आधी घरी, अर्धी कच्ची असली तरी. तिच्यासाठी हे, की अशी बातमी ऐकल्यावर पहिला प्रश्न पैशांचा नको. सकाळच्या चहाला फोन बाजूला, हे तिने स्वतःच ठरवलं.

त्याने घरी सांगितलेल्या बातम्या अगदी सपक असायच्या. ना नक्कल, ना विनोद. तिने एकदा वैतागून विचारलं, रंगीत आवृत्ती आईलाच का? मी म्हटलं, रंगीत आवृत्ती पाहुण्यांसाठीच असते. तुझ्याकडे तो कच्चं आणतोय, आणि तू म्हणत होतीस ते हेच होतं. तिला ते पटलं, पण पूर्ण नाही. सदाशिव पेठेतला तो नवरा वारज्यात कधी आलाच नाही, आणि थोडी हुरहूर तिला अजूनही आहे.

आता ज्यांच्याकडे शेवटी येते म्हटलं, ते ठरवून मुखवटा घालणारे. वरून चित्र अगदी सारखंच दिसतं, म्हणून फरक कुठे शोधायचा ते सांगते. थंडपणा कधी सुरू होतो ते बघा. तुम्ही नाही म्हटलंत, वेगळं मत दिलंत, पैशांबद्दल विचारलंत की त्यानंतर अबोला, आणि तुम्ही माफी मागितली की तो उठतो, असं वारंवार होत असेल तर त्याला माघार म्हणत नाहीत. दुसरी खूण तुमच्या माहेरी सापडेल. तो तुमच्या आईला काळजीच्या सुरात सांगतो का, ‘हल्ली ती फार चिडते, जरा समजवा’? घाबरून गप्प बसणारा माणूस तुमच्याविरुद्ध साक्षीदार गोळा करत नाही. तिसरी खूण तुमच्याच अंगात असते. त्याची गाडी पार्किंगमध्ये आल्याचा आवाज ऐकून तुम्हाला वाईट वाटतं की भीती वाटते? भीती वाटत असेल तर दोघांनी मिळून समुपदेशनाला बसू नका. खोलीत बोललेल्याचा हिशेब घरी होतो. आधी एकट्या या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो, आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. नुसता कोरडेपणा त्या कायद्यात बसत नाही, हेही खरं.

आणि काही थोडी माणसं अशी की पाहुणे गेल्यावर ती पार गळून जातात. झोप बिघडलेली, जेवणात रस नाही, बाहेरचं हसूसुद्धा ओढूनताणून आणलेलं. तिथे नात्यावर काम करत बसण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

सगळ्या प्रकारांत एक गोष्ट सारखी, ती म्हणजे कुणाला सांगायची सोय उरत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते, ‘अगं, एवढा सोन्यासारखा माणूस!’ म्हणून आईशी बोलताना ‘तो वाईट आहे’ इथून सुरू करू नका, ते ती मानणारच नाही आणि तुम्ही त्याचीच वकिली ऐकून परत याल. एक घडलेली गोष्ट सांगा, वार आणि वेळेसकट. ‘त्याची बढती मला तुमच्याबरोबर कळली’, एवढंच. ती आई आधी त्याचीच बाजू घेणार होती, हे मला लेकीने सांगितलं. हे ऐकल्यावर मात्र तिने हातातला डाव खाली ठेवला आणि विचारलं, ‘म्हणजे तुला माहीत नव्हतं?’