निष्कर्ष आधी वाचला तर

मराठीच्या बाईंनी आम्हांला दहावीच्या वर्गात जे शिकवले, त्यातील एक गोष्ट आज दिवाळी अंकासाठी आलेली हस्तलिखिते वाचताना मला रोज उपयोगी पडते. कोणत्याही गद्याचा शेवटचा परिच्छेद सुरुवातीला ठेवून ते पुन्हा वाचावे, असे त्या सांगत. लेख असेल तर त्याचे फारसे बिघडत नाही, उलट तो अधिक स्पष्ट होतो, कारण लेखकाला काय सिद्ध करायचे आहे हे आधीच कळते आणि पुढचे पुरावे त्या दृष्टीने तपासता येतात. ललित निबंध मात्र या उलटापालटीत टिकत नाही.

यासाठी त्यांनी इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ निवडला होता. याच नावाचा त्यांचा संग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते, ती घरातल्या नामवंत माणसांशी असलेल्या नात्यांनी. आणि ओळखीत काहीतरी राहून गेले, ही रुखरुख त्यांच्या मनात उरते. बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या या विदुषीला आपल्या स्वतःच्या कर्तृत्वाचा उल्लेख हवा असणार, असे वाचक गृहीत धरतो. पुढे रस्त्यात काही मुले त्यांना पाहून ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असे एकमेकांना सांगतात आणि लेखिकेला ती राहिलेली ओळख पूर्ण झाल्यासारखी वाटते.

आता बाईंचा प्रयोग करून पाहू. ‘स्त्रीची ओळख मुलामुळे पूर्ण होते’ हे वाक्य पहिल्या ओळीत ठेवले, की ते विधान होते. कोणत्या स्त्रीची, कोणत्या समाजात, अपत्य नसलेल्या स्त्रीचे काय, असे प्रश्न लगेच उभे राहतात आणि हाताशी असलेला पुरावा म्हणजे रस्त्यातल्या मुलांचे एक वाक्य. लेख म्हणून ते क्षणभरही उभे राहणार नाही. मूळ क्रमात मात्र ती रुखरुख आधी आपली झालेली असते, आपला अंदाज चुकलेला असतो आणि म्हणून शेवटी जे घडते ते मान्य नसले तरी खरे वाटते. या रचनेत युक्तिवादाची जागा वाचकाच्या अपेक्षेने घेतलेली असते, असे मला वाटते.

या उदाहरणाची खरी गंमत पुढे आहे. नात्यांनी माणसाची जागा कशी ठरते, हा कर्वे यांच्या संशोधनाचाच विषय होता. १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडून नातेवाचक शब्द आणि विवाहाचे नियम यांची तुलना केली आहे. मामेबहिणीशी लग्न कोठे चालते आणि कोठे निषिद्ध आहे, हे तेथे एका बाईंच्या भावनेवरून ठरत नाही. दुसऱ्या अभ्यासकाने तीच सामग्री तपासली तर निष्कर्ष ताडून पाहता येतो. ‘परिपूर्ती’तील ‘मी’ काढून तेथे ‘अनेक स्त्रिया’ घातले, तर ताडून पाहण्यासारखे काही उरत नाही आणि अनुभवही हरवतो. लेखिका एकच, विषय जवळजवळ तोच, पण एका ठिकाणी तिच्या शब्दाला सामग्रीचा आधार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ तिच्या निरीक्षणाचा व मनाच्या हालचालीचा.

म्हणूनच नुसता ‘मी’ वापरल्याने ललित निबंध होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लेखनात आजीच्या अंगणाने सुरुवात होते आणि दुसऱ्या परिच्छेदापासून पर्यावरणावरचे व्याख्यान सुरू होते. पहिला परिच्छेद हाताने झाकावा. उरलेला मजकूर जसाच्या तसा समजला, तर तो आठवण चिकटवलेला लेख आहे असे खुशाल समजावे. उलट बाजूचा धोकाही मराठीने पाहिला आहे. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टीं’नंतर क्षुल्लक विषय, गप्पांचा सूर आणि शेवटी हलकीशी कलाटणी, असा लघुनिबंधाचा साचा झाला. साच्यात बसवलेल्या कलाटणीचा वाचकाला आधीच अंदाज येतो आणि मग सूर कितीही जिव्हाळ्याचा असला तरी त्यामागे माणूस जाणवत नाही.

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीला ‘परिपूर्ती’चा शेवट अजिबात पटला नव्हता. तिने आईच्या ओळखीबद्दल मुद्देसूद आक्षेप लिहून आणले. बाईंनी ते लक्षपूर्वक वाचले आणि हे आक्षेप लेखाला घेता आले असते, असे तिला सांगितले. शेवटी तिने आपल्या आईवर लिहिले. शिवणाच्या दुकानात तिच्या आईला सारे गाव तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारी, आणि घरी आल्यावर ते नाव दिवसभर कोणी उच्चारत नसे. शाळेच्या हस्तलिखितात तो निबंध घेतला गेला आणि कर्वे यांच्या निबंधाला मी वाचलेले ते सर्वांत चांगले उत्तर आहे.