४२ नंबरचा बिट

ते मशीन एप्रिलमध्ये पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलं, तेव्हा मी अर्ध्या तासात जॉबकार्डावर 'रॅम ओके' लिहून टाकलं. ते कार्ड अजून फाईलला आहे.

सांगलीतलं माझं दुकान छोटं आहे. मशीन होतं इंजिनीअरिंगच्या एका पोराचं. रायझन ५, डीडीआर४ च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. वडील लग्नाचे फोटोग्राफर, त्यांचं अल्बमचं काम याच मशीनवर चालायचं. तक्रार अशी की गेम मध्येच बंद पडून डेस्कटॉप दिसतो आणि आठवड्यातून दोनतीनदा ब्लू स्क्रीन येतो. पोरगा हुशार. त्याने दर वेळी मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. एकदा MEMORY_MANAGEMENT, एकदा PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA, एकदा IRQL_NOT_LESS_OR_EQUAL. ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच कोड आणि त्याच फाईलचं नाव परत परत येतं. कोड दर वेळी वेगळा आणि बंद पडणारा प्रोग्रामही वेगळा असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा.

माझ्या आधी एका दुकानदाराने दोनदा विंडोज मारून दिलं होतं. आमच्या धंद्यातली ही सवय मला मनापासून खटकते. रॅम खराब असताना विंडोज टाकलं तर सिस्टिमच्या फाईल त्याच रॅममधून डिस्कवर जातात, म्हणजे नवी कोरी विंडोजही पहिल्या दिवसापासून डागी असू शकते. गिऱ्हाईक पैसे देतं, दोन दिवस बरे जातात आणि परत तेच.

पण तेव्हा मी तरी काय केलं? mdsched चालवून विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट लावली. तिचा स्टँडर्ड प्रकार झाला, एरर नाही म्हणाली, मी मशीन परत दिलं. त्या टेस्टला एरर सापडली तर ती खरी मानावी. सापडली नाही, तर एवढंच कळतं की त्या अर्ध्या तासात, त्या तापमानाला, तिने लिहिलेल्या नमुन्यांनी काही बाहेर आलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण लग्नसराई होती, टेबलावर सात मशीनं होती.

तीन आठवड्यांनी मशीन परत आलं. पोरगा रागावला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. "दादा, परत तेच होतंय," एवढंच म्हणाला.

या वेळी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ लावलं. ते विंडोजच्या बाहेर चालतं, म्हणून जवळपास सगळी रॅम त्याच्या हाती येते. पहिला पास, म्हणजे सगळ्या चाचण्यांची एक फेरी, झाल्यावर मोठ्या अक्षरांत PASS दिसतं आणि बरेच जण तिथेच बंद करतात. पहिला पास मुद्दाम उरकता ठेवलेला असतो, खरं खोदकाम दुसऱ्या पासपासून. मी रात्रभर चालू ठेवलं. सकाळी पाच पास पूर्ण, एरर शून्य.

तेव्हा पोराला फोन करून नीट विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. सकाळी कधी बंद पडलंय का? "नाही दादा, अर्धापाऊण तास खेळलं की मगच." मशीन ठेवलंय कुठे? टेबलाच्या कप्प्यात, पुढून तेवढं उघडं. माझ्या टेबलावर मात्र ते साईडचं पॅनेल काढून, रात्रीच्या गारव्यात, पंख्याखाली चाललं होतं.

रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे इवलासा विजेचा साठा. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक सेल पुन्हा भरला जातो. तापलं की गळती वाढते. धडधाकट सेल तरीही पुढच्या भरणीपर्यंत तग धरतो. एखादा कमजोर सेल थंडीत तग धरतो आणि उन्हाळ्यात बंद कप्प्यात, खालून ग्राफिक्स कार्डाची गरम हवा लागली की त्याआधीच रिता होतो. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून असतं, त्यामुळे ती गरम हवा येतच नाही. माझ्या रात्रभराच्या टेस्टमध्ये नेमकी हीच परिस्थिती नव्हती.

मग पॅनेल लावलं, मशीन खोक्यात सरकवलं आणि दुपारी दोन वाजता विंडोजमध्ये ग्राफिक्सवर फरमार्क आणि रॅमवर टेस्टमेम५, दोन्ही एकदम लावले. विंडोजने स्वतःसाठी धरलेली रॅम अशा टेस्टला तपासता येत नाही, पण मला आधी मशीन तापवायचं होतं. इन्फ्रारेड गनने स्टिकवर ५५ च्या पुढे आकडा आला आणि थोड्याच वेळात टेस्टमेम५ ने एरर मोजायला सुरुवात केली. लगेच रीस्टार्ट करून, स्टिक गरम असतानाच, मेमटेस्ट लावलं. काही मिनिटांत ओळी आल्या:

```
Failing Address  Expected          Found
0002b41c7a90     ffffffffffffffff  fffffbffffffffff
0002b45c7a90     ffffffffffffffff  fffffbffffffffff
```

ही ओळ वाचायला शिकलं की अर्धं काम होतं. Expected म्हणजे जे लिहिलं होतं ते, Found म्हणजे वाचताना मिळालं ते. f म्हणजे चार बिट, चारही १. सगळे f असताना मध्ये एकच b आलाय, म्हणजे ६४ पैकी एकाच बिटाचा शून्य झालाय. उजवीकडून, शून्यापासून मोजत गेलं की तो ४२ नंबरचा बिट निघतो. पुढे आणखी ओळी आल्या. पत्ते वेगळे, पण बिट दर वेळी तोच.

याचा अर्थ फार मोलाचा आहे. अशा स्टिकवर आठ चिप असतात आणि ६४ बिटांच्या प्रत्येक शब्दातले आठ-आठ बिट एकेक चिप सांभाळते. दर वेळी तोच बिट चुकत असेल तर दोष बहुधा एका चिपमध्ये आहे. चुकणारे बिट सगळीकडे विखुरलेले असतील, तर मी आधी एक्सएमपी, म्हणजे रॅमला वाढीव स्पीडला चालवणारी सेटिंग, बंद करून स्पीड आणि व्होल्टेजकडे बघतो, मग प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे.

पत्त्यावरून मात्र कुठली स्टिक ते ठरवू नये. ड्युअल चॅनेलमध्ये पत्ते दोन्ही स्टिकवर आलटून पालटून वाटलेले असतात. वरचा अर्धा भाग दुसऱ्या स्टिकचा, हा हिशेब चालत नाही. एकेक स्टिक वेगळी लावावीच लागते. प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये पहिली स्टिक एकटी, तापवून, चार पास. स्वच्छ. दुसरी त्याच स्लॉटमध्ये, पहिल्याच पासला ४२ नंबर. मग तीच दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये, तिथेही तेच. एरर स्टिकबरोबर फिरते, म्हणजे स्लॉट आणि बोर्ड सुटले. शेवटी एक्सएमपी बंद करून साध्या स्पीडला लावली, तरी गरम झाल्यावर चुकली. गळक्या सेलला स्पीड कमी करून फारसा फरक पडत नाही.

ही शेवटची टेस्ट वॉरंटीसाठी लागतेच, नाहीतर काउंटरवरचा माणूस 'ओव्हरक्लॉक केलंय' म्हणून हात वर करतो. तरी तिथे त्यांनी माझ्यासमोर ती स्टिक एसीमध्ये, उघड्या बोर्डवर, पंधरा मिनिटं तपासली आणि चांगली आहे म्हणाले. मी व्हिडिओ दाखवला, त्यात गनचा आकडा आणि स्क्रीन एकाच फ्रेममध्ये होते. मग घेतली. जोडी म्हणून विकलेली रॅम जोडीनेच परत द्यावी लागते, म्हणून चांगली स्टिकही गेली.

मशीनचं काम इथे संपलं. वडील मशीन न्यायला आले तेव्हा सहज म्हणाले, "काही फोटोंना मध्येच रेघ येऊन खालचा भाग जांभळा झालाय. कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं असेल काय हो?"

माझ्या पोटात गोळा आला. फाईल कॉपी होताना रॅममधूनच जाते. पोरगा खेळून उठला की वडील त्याच तापलेल्या मशीनला कार्ड लावायचे. जेपीईजीमध्ये पुढचा डेटा मागच्यावर बेतलेला असतो, त्यामुळे एक बिट उलटला तरी तिथून खालचा सगळा रंग सरकू शकतो. विंडोज काही बोलत नाही, कॉपी पूर्ण झाली एवढंच सांगते.

एका हळदीचं कार्ड त्यांनी अजून पुसलं नव्हतं. त्यांची डिस्क माझ्या मशीनला जोडली आणि कार्डावरची फाईल न् फाईल विंडोजच्या fc कमांडने कॉपीशी ताडून पाहिली. ४१२ फोटोंपैकी तीन जुळले नाहीत. त्यातला एक:

```
fc /b E:\DSC_2207.JPG D:\Haldi\DSC_2207.JPG
004A61CD: 5E 5A
```

जवळपास पाच एमबी फाईलमध्ये फरक एका बाइटचा. 5E आणि 5A मध्ये फरक एकाच बिटाचा, बाइटमधला २ नंबरचा. आणि जागा? शेवटचा अंक D, म्हणजे १३, आठने भागल्यावर बाकी ५. आठ बाइटच्या शब्दातला ५ नंबरचा बाइट, म्हणजे ४० ते ४७ नंबरचे बिट. चाळीस अधिक दोन. बेचाळीस.

बाकीच्या दोन फाईलींमध्येही फरकाची जागा ५ नाहीतर D वर संपत होती आणि बिट तोच होता. मेमटेस्टच्या स्क्रीनवर पाहिलेला बिट नवरीच्या हळदीच्या फोटोत निघाला. इतका स्वच्छ पुरावा मला या कामात कधी मिळाला नव्हता, आणि तो हाती आल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

ते तीन फोटो कार्डावरून परत घेतले. पण त्याआधीच्या दोन लग्नांची कार्डं पुसून पुन्हा वापरलेली होती. त्यातलं एक लग्न मी 'रॅम ओके' लिहून मशीन परत दिल्यानंतरच्या आठवड्यातलं. आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून त्या लग्नांचे फोटो एकेक उघडून पाहिले. अकरा उघड बिघडलेले निघाले. सप्तपदीचा एक होता, अर्ध्यावरून खाली जांभळा.

"बाकीचे नीट आहेत हे कशावरून समजायचं?" त्यांनी विचारलं. मूळ फाईल नसताना ताडायचं कशाशी? एखाद्या फोटोत रंग इतका थोडा सरकलेला असेल की डोळ्याला दिसणार नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. पहिल्या टेस्टचं आणि जॉबकार्डाचंही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि पुढचा फोटो उघडला.

नवी जोडी आल्यावर ती त्याच कप्प्यासारख्या उकाड्यात आठ पास चालवली, विंडोज पुन्हा टाकलं आणि मशीन कप्प्यातून बाहेर ठेवायला लावलं. डेस्कटॉपवर त्यांना एक छोटी फाईल करून दिली. कार्ड पुसण्याआधी ती चालवायची, ती सगळे फोटो ताडून बघते. परवा रविवारी त्यांचा फोन आला. स्क्रीनवरचं एकेक इंग्रजी अक्षर लावून वाचत होते, "एफसी, नो डिफरन्सेस एन्काउंटर्ड. हे चांगलं ना?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "आता पुसा कार्ड."